स्टेटमेंटवर शिक्का आहे, पण दाखला कुठे?

प्रश्न : ऑगस्ट २०२३ मध्ये चुलतभावाला साडेतीन लाख रुपये आरटीजीएसने उसने दिले. तो परत करत नाही म्हणून २०२५ मध्ये इंदूरच्या कोर्टात दावा लावला. मोबाइल ॲपवरून काढलेल्या स्टेटमेंटवर बँकेने गोल शिक्का मारून दिला, तरी समोरच्या वकिलांनी हरकत घेतली. बँक म्हणते, यापेक्षा जास्त काही देता येत नाही. काय करू?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : हरकत बिनबुडाची नाही, पण ती दूर करता येते. बँकर्स बुक्स एव्हिडन्स ॲक्ट, १८९१ प्रमाणे बँकेच्या नोंदीची प्रमाणित प्रत त्या नोंदीचा आणि तिच्यातल्या व्यवहाराचा प्रथमदर्शनी पुरावा धरली जाते. संगणकीय खात्याच्या बाबतीत मात्र कलम २-अ चे दाखले सोबत लागतात. ही बँकेच्याच नोंदीची छापील प्रत आहे, असा एक दाखला मॅनेजर किंवा मुख्य लेखापाल देतो. संगणक यंत्रणेचा प्रभारी आणखी लिहून देतो : यंत्रणा कशी आहे, नोंदीत कोणी फेरफार करू नये म्हणून काय काळजी घेतली जाते, आणि त्या काळात ती नीट चालू होती. या दाखल्यांची जागा नुसता शिक्का आणि आद्याक्षरे घेऊ शकत नाहीत.

तेव्हा ॲपची प्रत बाजूला ठेवा आणि खाते असलेल्या शाखेत लेखी अर्ज द्या. इंदूरला हिंदीत दिला तरी चालेल. त्यात खाते क्रमांक, रकमेची तारीख, यूटीआर क्रमांक आणि दाव्याचा क्रमांक लिहा. ‘कलम २-अ च्या दाखल्यांसह प्रमाणित प्रत’ असे स्पष्ट मागा. इलेक्ट्रॉनिक नोंदींसाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे जे प्रमाणपत्र लागते, तेही मागून घ्या, म्हणजे त्यावरून नवी हरकत निघणार नाही. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यायला विसरू नका. कागद हातात आला की तिथेच उभ्याने तपासा : प्रत्येक पानावर सही-शिक्का आहे का, दाखल्याखाली अधिकाऱ्याचे नाव, हुद्दा आणि तारीख आहे का.

फक्त ऑगस्ट २०२३ चा महिना मागू नका, आजपर्यंतचा काळ मागा. पैसे गेले हे नोंदीवरून सिद्ध होईल; ते उसने होते हे होणार नाही. ‘ही तर जुनीच परतफेड होती,’ असे तुमचा भाऊ म्हणू शकतो. त्याने मधे पाच-दहा हजार जरी तुमच्या खात्यात टाकले असतील, तर ती जमा नोंद तुमच्या फार कामाची आहे. तिच्या जोडीला त्याचे मेसेज किंवा चिठ्ठी असेल तर तीही वकिलांना दाखवा.

एवढे करूनही शाखा नकार देत असेल, तर ती पोच जोडून वकिलांमार्फत त्याच कोर्टात बँकर्स बुक्स एव्हिडन्स ॲक्टच्या कलम ६ खाली अर्ज करा. नोंदींच्या प्रमाणित प्रती तयार करून ठरावीक मुदतीत हजर करा, असा आदेश कोर्ट बँकेला देऊ शकते. मॅनेजरला साक्षीला बोलावण्याचा आग्रह मात्र आधी धरू नका. बँक दाव्यात पक्षकार नाही, त्यामुळे त्याच कायद्याच्या कलम ५ प्रमाणे त्याला खास कारण दाखवून कोर्टाचा आदेश मिळवावा लागतो, आणि प्रत पुरेशी असताना कोर्ट तो सहसा देत नाही.