विहिरीवरच्या दोन मोटारींचा आवाज: 140 नाही, 73 का?

प्रश्न: यावल तालुक्यात केळीला पाणी द्यायला एका विहिरीवर दोन मोनोब्लॉक आहेत. एकेक मोटार चालवली की मोबाईलच्या अ‍ॅपवर 70 डेसिबल दिसतात. दोन्ही चालवल्या की 73 दिसतात, 140 का नाही? आणि दोन्ही चालू असताना सेकंदाला एकदा आवाज चढतो-उतरतो, ते बिघाडाचं लक्षण आहे का?

उत्तर:

भाऊ, तुमचं अ‍ॅप बरोबर आहे आणि तेवढ्यावरून मोटारही बिघडलेली नाही. मी जळगावला अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो, घरची शेतीही विहिरीच्या पाण्यावरच आहे, त्यामुळे हा आवाज माझ्या चांगला ओळखीचा आहे.

बेरीज होते ती तीव्रतेची, डेसिबलची नाही. कानाला जेमतेम ऐकू येणारी तीव्रता, म्हणजे दर चौरस मीटरला 10⁻¹² वॅट, हा पाया धरतात आणि पातळी अशी काढतात:

L = 10 log₁₀(I / 10⁻¹²)

70 डेसिबल म्हणजे 10⁻⁵ वॅट. दुसरी मोटार तेवढीच भर घालते, म्हणून 2 × 10⁻⁵. दोनाचा लॉग 0.301, त्याला दहाने गुणलं की 3 डेसिबल. झाले 73. याच हिशेबाने 80 डेसिबल व्हायला तशाच दहा मोटारी लागतील, आणि 140 साठी एक कोटी. दुसरी मोटार 60 डेसिबलची असती तर बेरीज जेमतेम 70.4 भरली असती, कारण तिची तीव्रता पहिलीच्या दहावा हिस्साच असते.

आता चढ-उताराचं. मोटारीच्या मागच्या पंख्याला सहा पाती आहेत असं धरू. दोन्ही नेमप्लेटवर 2880 फेरे छापले असले तरी खरा वेग मोटारीवरच्या भारावर ठरतो. एक 2880 ने फिरते आणि दुसरी 2890 ने, असं समजा. पहिलीच्या पात्यांचा सूर 2880 ÷ 60 × 6 = 288 हर्ट्झ, दुसरीचा 289. दोन्ही लाटा एका क्षणी एकमेकींना साथ देतात, अर्ध्या सेकंदाने एकमेकींना मारतात, पुढच्या अर्ध्या सेकंदात पुन्हा जुळतात. सेकंदाला एक विस्पंद. तुम्ही ऐकता तो हाच.

इथे एक गोष्ट खटकायला हवी. दोन सारखे सूर जुळले की लाटेची उंची दुप्पट होते आणि तीव्रता उंचीच्या वर्गाने वाढते, म्हणजे चौपट. मग त्या सुराला 3 नव्हे, 6 डेसिबलची भर पडायला हवी. पडतेच, पण फक्त जुळण्याच्या क्षणी. अर्ध्या सेकंदाने तोच सूर शून्यावर येतो. चौपट आणि शून्य यांच्यामध्ये सारखा हेलकावणाऱ्या तीव्रतेची सरासरी बरोबर दुप्पट, म्हणून 3 डेसिबल. ऊर्जा कुठून जास्तीची आली नाही, कुठे हरवली नाही.

प्रत्यक्षात आवाज कधीच शून्य होत नाही, कारण सूर हा एकूण आवाजाचा एक भाग. बेअरिंगची, वाऱ्याची, पाण्याची घरघर त्यात मिसळलेली असते आणि तिला विस्पंद नसतात. शिवाय अ‍ॅप ‘स्लो’वर असेल तर ते साधारण एका सेकंदाची सरासरी घेतं, त्यामुळे सेकंदाचा चढ-उतार त्यात बराचसा बुजून जातो. ‘फास्ट’वर, म्हणजे पाव सेकंदाच्याही निम्म्या वेळात सरासरी घेणाऱ्या सेटिंगवर, आकडा हलताना दिसेल.

विजेची 100 हर्ट्झची गुणगुण मात्र दोन्ही मोटारींत अगदी एकाच वारंवारतेची असते, कारण दोन्हींना वीज एकाच तारेवरून येते. तिचे विस्पंद होत नाहीत. ती विहिरीभोवती चालत गेलात तर काही जागी जोरात आणि काही जागी मंद लागते, पण एका जागी उभं राहिलं की हलत नाही. म्हणून जो आवाज जागच्या जागी चढतो-उतरतो तो फिरण्यातून आलेला, हे पक्कं धरा.

विस्पंदावरून फरक कळतो, पण कोणती मोटार जास्त वेगाने फिरते ते कळत नाही. ते काढायला एका पंपाचा डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह क्षणभर थोडासा आवळा. पाणी कमी झालं की या पंपांवरचा भार कमी होतो आणि मोटार किंचित वेग घेते. विस्पंद जलद झाले तर तुम्ही वेगवान मोटारीचा व्हॉल्व्ह आवळलात. संथ झाले तर हळू चालणारीचा. दुसरीचा वेग गाठून ती पुढे गेली तर संथ होऊन पुन्हा जलद होतील, म्हणून हळूहळू आवळा. विस्पंदांचा वेग बिनकारण बदलत राहिला तर मात्र एका पंपावरचा भार बदलतोय, म्हणजे फूटव्हॉल्व्हमधला कचरा आणि सक्शनची गळती आधी तपासा.