शनिवारचं जादा काम: आधी मंजुरी, मग निरोप

प्रश्न: मी एका टीमचा मॅनेजर आहे. सोमवारी डिलिव्हरी आहे. काल ग्रुपवर सहज लिहिलं, "या वीकेंडला जरा बसावं लागेल मंडळी, मोबदल्याचं नंतर बघून घेऊ." चौघांनी होकाराचे अंगठे टाकले, एकाने विचारलं, "नंतर म्हणजे काय?" आता एचआर म्हणतं, रीतसर विनंती पाठवा. ती कशी लिहू?

उत्तर: त्या एकाने विचारलं ते निरोप टाकण्याआधी तुम्हीच स्वतःला विचारायला हवं होतं. असे प्रश्न माझ्याकडे बहुधा काम उरकल्यावर, पगारपत्रकात जादा तास दिसले नाहीत म्हणून येतात. तुम्ही शनिवारच्या आधी आलात, एवढं बरं.

मजकुराचं नंतर पाहू. आधी तुमचं सेवा-नियमांचं पुस्तक काढा आणि ओव्हरटाइमचं कलम वाचा. बहुतेक ठिकाणी त्यात एक वाक्य असतं: जादा काम सक्षम अधिकाऱ्याच्या लेखी पूर्वपरवानगीनेच. सगळं या वाक्यावर अडतं. ते सक्षम अधिकारी बहुधा तुम्ही नसता, तुमचे वरिष्ठ असतात. म्हणजे "बघून घेऊ" हे तुम्ही अशा पैशांबद्दल बोललात जे मंजूर करायचा अधिकार तुम्हाला नाही. मागाहून मंजुरी मागितली की "पूर्वपरवानगी कुठे आहे?" असं विचारलं जातं आणि माणसांचा शनिवार फुकट जातो. काम माहीत असून करू दिलं तर मालकाला पैसे द्यावेच लागतात, असं अनेक देशांचा कायदा म्हणतो. पण ते कोर्टात सिद्ध करेपर्यंत तुमच्या टीममधले निम्मे लोक नोकरी बदलून गेलेले असतील.

म्हणून आजच वरिष्ठांना ईमेल करा. त्यात किती माणसं, कोणते तास, कोणत्या दराने, एवढंच लिहा. "मंजूर" असं उत्तर आल्यावरच टीमला निरोप पाठवा. तो साधारण असा असावा:

"सोमवारच्या डिलिव्हरीसाठी शनिवारी सकाळी १० ते संध्याकाळी ६ (मधे अर्धा तास सुट्टी) काम करण्याची विनंती आहे. काम: उरलेल्या चाचण्या आणि त्यातल्या चुकांची दुरुस्ती. मोबदला: साडेसात तासांचे दीडपट वेतन, याच महिन्याच्या पगारात; किंवा त्याऐवजी एक दिवस बदली रजा, ६० दिवसांत घेता येईल. कामाच्या गरजेमुळे ती घेता आली नाही, तर वेतन मिळेल. निवड तुमची. येणं जमणार नसेल तर तसं कळवा, कारण देण्याची गरज नाही. उत्तर गुरुवारी संध्याकाळपर्यंत हवे. याला वरिष्ठांची लेखी मंजुरी आहे. ग्रुपवरच्या माझ्या आधीच्या निरोपाऐवजी हा निरोप धरावा."

साडेसात तासांचे दीडपटीने सव्वाअकरा तासांचे पैसे होतात. हा आकडा मंजुरीच्या ईमेलमध्येही लिहा, म्हणजे पगार विभागाला हिशेब नव्याने मांडावा लागणार नाही. दीडपट हे मी उदाहरण म्हणून धरलं आहे. तुमच्याकडे दर कमी-जास्त असेल. वरच्या पदांवरच्या लोकांना ओव्हरटाइमचा कायदा लागू नसण्याचीही शक्यता आहे. तसं असेल तर वेतनाऐवजी फक्त बदली रजा लिहा. ती बिनमुदतीची सोडू नका. मुदत नसलेली रजा कधीच घेतली जात नाही. बदली रजा वेतनाला पर्याय म्हणून चालते का, हेही तपासा. काही ठिकाणी नाही चालत.

मी रविवार मुद्दाम वगळला आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९५७ च्या व्यापार आणि कार्यालयांसाठीच्या साप्ताहिक विश्रांती करारात दर सात दिवसांत सलग २४ तासांची विश्रांती सांगितली आहे, आणि अनेक देशांच्या कायद्यांत तसाच नियम आहे. दोन्ही दिवस लागणारच असतील तर बदल्यात विश्रांती कधी, तेही त्याच निरोपात ठरवा.

"येणं जमणार नसेल तर कळवा" हे वाक्य खरं असेल तरच लिहा. करारानुसार जादा काम बंधनकारक असेल तर विनंतीचा आव आणू नका, सरळ तसं सांगा. आणि नाही म्हणणाऱ्याला पुढच्या मूल्यमापनात याची आठवण करून दिलीत, तर हाच निरोप तुमच्या विरोधात वापरला जाईल.

राहिले ते चार अंगठे. त्यांना संमती समजू नका. मोबदला माहीत नसताना दिलेला होकार वादात फारसा टिकत नाही, म्हणून त्या चौघांकडूनही नवं उत्तर घ्या. जुना निरोप मात्र पुसू नका. पुसलेला निरोप कुणाच्या तरी स्क्रीनशॉटमध्ये सापडतोच, आणि मग लपवायचं काय होतं, याचं उत्तर तुम्हाला द्यावं लागतं.

सोमवारी सकाळी प्रत्येकाचे प्रत्यक्ष तास त्याच्याकडून लिहून घ्या. साडेसाताऐवजी नऊ तास झाले असतील, तर वरच्या तासांची मंजुरी त्याच दिवशी मागा. तो भाग पूर्वपरवानगीत बसत नाही, त्यामुळे तिथे थोडी रदबदली करावी लागेल.