ऑफिसच्या पत्रात 'तुम्ही' कुणाला आणि 'आपण' कुणाला?

प्रश्न : मी बेळगावात एका कारखान्याच्या ऑफिसात नुकताच लागलो आहे. साहेबांना, सहकाऱ्यांना आणि ग्राहकांना मराठीत पत्र लिहिताना 'तुम्ही' लिहावे की 'आपण'?

उत्तर : वरिष्ठांना आणि ग्राहकांना 'आपण', सहकाऱ्यांना 'तुम्ही'. ज्याला तुम्ही रोज 'अरे-तुरे' करता त्यालाही कागदावर 'तुम्ही'च लिहावे, कारण ते पत्र फाइलला लागते आणि पुढे तिसराच माणूस ते वाचतो. वरिष्ठांच्या बाबतीत तर बहुतेक वाक्यांत सर्वनामाची गरजच पडत नाही. 'मंजुरी मिळावी, ही विनंती' एवढ्यात आदर आणि मागणी दोन्ही येतात.

खरी अडचण ग्राहकांच्या पत्रात येते, कारण मराठीत 'आपण' म्हणजे आदरार्थी 'तुम्ही' आणि 'तुम्ही-आम्ही मिळून' असे दोन्ही. मी उद्यमबागेतील एका कारखान्यात पत्रव्यवहार पाहतो. सुरुवातीच्या काळात कोल्हापूरच्या एका ग्राहकाला मी लिहिले होते, 'नमुने तयार आहेत. सोमवारी आपण ते आपल्या कारखान्यात तपासावेत.' मला म्हणायचे होते आमचा कारखाना. त्यांनी वाचला स्वतःचा, आणि व्याकरणाने त्यांचेच बरोबर होते, कारण 'आपण' कर्ता असताना 'आपल्या' हा शब्द त्या कर्त्याकडेच जातो. सोमवारी आम्ही इथे त्यांच्या माणसाची वाट पाहत बसलो आणि ते तिथे नमुन्यांची. 'सोमवारी आपण आमच्या कारखान्यात येऊन नमुने तपासावेत' असे लिहिले असते, तर शंकेला जागाच उरली नसती.

आपल्या भागात ही चूक जास्त होते, असे माझे निरीक्षण आहे. कन्नडमध्ये आदराचे 'तावु' आहे, ते आपल्या 'आपण'शी नीट जुळते. पण 'आम्ही' आणि 'आपण सगळे' या दोन्हींसाठी तिथे एकच 'नावु' असल्यामुळे, मनात त्याच 'नावु'चे 'नम्म' म्हणजे 'आमचा-आपला' घोळत असलेला माणूस मराठीत लिहिताना सहज 'आपल्या' लिहून जातो. म्हणून ग्राहकाच्या पत्रात स्वतःच्या कंपनीसाठी नेहमी 'आमचा', 'आमच्या' लिहावे.

क्रियापदही पाहावे. 'आपण दर ठरवू' यात दोघेही येतात आणि 'आपण दर ठरवावा' यात फक्त समोरचा, हे स्पष्ट आहे. 'आपण दर ठरवला होता' यातून मात्र कुणी ठरवला ते कळत नाही, आणि दराचा वाद निघाला की नेमके हेच वाक्य पुढे येते. तिथे 'आपण १२ तारखेच्या पत्रात कळवलेला दर' किंवा 'आपल्या व आमच्या संमतीने ठरलेला दर' असे उघड लिहावे.

पत्र पाठवण्यापूर्वी त्यातील प्रत्येक 'आपण' आणि 'आपला' यांवर बोट ठेवून तो कुणाचा, हे स्वतःला विचारावे. त्याच वाचनात 'आपण'ने सुरू केलेल्या पत्रात मध्येच 'तुमचे बिल' आले आहे का, हेही दिसते. आले असेल तर 'आपले बिल' करावे.