लग्न नेमकं कधी लागतं, हे कोर्टात विचारा

प्रश्न: हिंदू लग्न म्हणजे संस्कार, मुस्लिम निकाह म्हणजे करार, ख्रिश्चन लग्न म्हणजे पवित्र बंधन असं आम्हाला क्लासमध्ये शिकवतात. प्रत्यक्षात हा फरक कुठे जाणवतो, की तो फक्त परीक्षेपुरता आहे?

जाणवतो, पण मांडवात नाही. लग्न मोडायला आलं की जाणवतो. मी सोलापूरच्या कोर्टात नवरा-बायकोची प्रकरणं चालवतो, म्हणून तिथलंच सांगतो. दोन्ही प्रकरणांतले तपशील ओळख पटू नये इतके बदललेत.

साखर पेठेतली एक बाई मोबाईल घेऊन आली. नवऱ्यानं दुसरं लग्न केलं होतं आणि त्याचे चाळीसेक फोटो तिच्याकडे होते. देवळाचा गाभारा, एकमेकांच्या गळ्यात हार, मंगळसूत्र घालताना नवऱ्याचा हात, मग पेढे. तिला त्याला आत टाकायचं होतं. पहिली बायको हयात असताना दुसरं लग्न केलं तर सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, हे तिला कुणीतरी सांगितलेलं. मी एकेक फोटो सरकवत गेलो आणि विचारलं, "होम कुठाय? सप्तपदी?" ती म्हणाली, "काय ओ साहेब, देवासमोर मंगळसूत्र घातलंय की!"

तिचं चुकत नव्हतं. आपल्याकडे सगळ्यांना असंच वाटतं. 'शुभमंगल सावधान' झालं, अंतरपाट सरला, अक्षता पडल्या की लग्न लागलं. निम्मं वऱ्हाड पंगतीकडे वळतं, फोटोग्राफर स्टेजवर आहेराचे फोटो काढत बसतो, आणि मागे धुराच्या कोपऱ्यात गुरुजी पाच-सात जणांसमोर सप्तपदी उरकून घेतात. पण 1955च्या हिंदू विवाह कायद्याचं सातवं कलम म्हणतं की लग्न दोघांपैकी एकाच्या रूढ विधींनी व्हायला हवं, आणि त्या विधींत सप्तपदी असेल तर सातवं पाऊल पडतं तेव्हाच ते पूर्ण आणि बंधनकारक होतं. तिथं मंगळसूत्राचं नाव नाही.

याचा परिणाम काय होतो ते महाराष्ट्रातल्याच लोखंडे खटल्यात दिसलं. नवऱ्यानं दुसरं लग्न केलं, हार घातले, खालच्या कोर्टांनी शिक्षा दिली. 1965 साली सर्वोच्च न्यायालयानं त्याला सोडलं. होम नाही, सप्तपदी नाही, आणि त्यांच्या समाजात त्यांच्याशिवाय लग्न लागतं अशी रूढी सिद्ध झालेली नाही. म्हणजे कायद्याच्या दृष्टीनं दुसरं लग्न झालंच नाही, मग दुसऱ्या लग्नाचा गुन्हा कुठला! लग्न हा संस्कार आहे, विधीशिवाय तो होत नाही, हे तत्त्व ऐकायला फार उदात्त वाटतं. पण ते पाळलं नाही त्याचा फायदा विधी चुकवणाऱ्यालाच मिळाला. तेव्हापासून देवळात चार हार घालून दुसरा संसार मांडणाऱ्यांची सोयच झाली, असं माझं स्पष्ट मत आहे.

सगळ्या 'हिंदू' लग्नांना सात पावलं लागतात असंही नाही बरं. आपल्याकडे लिंगायत लग्नात पाच कलश मांडून जंगम पुरोहित विधी करतात, होमाभोवतीची पावलं तिथं सहसा नसतात. बौद्ध लग्नात त्रिशरण-पंचशील आणि वधूवरांच्या प्रतिज्ञा असतात. कायद्यापुरते बौद्धही याच कायद्यात येतात. अशा वेळी प्रश्न बदलतो. तुमच्या समाजात लग्न कशानं लागतं आणि ते तसं झालं का, हे साक्षीदार उभे करून सांगावं लागतं.

आता दुसरी बाई. विजापूर वेशीतली. नवरा अपघातात गेला. निकाहनाम्यात मेहेर, म्हणजे नवऱ्यानं बायकोला द्यायची रक्कम, एक्कावन्न हजार लिहिलेला, 'उधार' म्हणून. निकाहात एकाच बैठकीत, साक्षीदारांसमोर, एकानं प्रस्ताव मांडायचा आणि दुसऱ्यानं कबूल करायचा, एवढंच मुख्य. मेहेर हा बायकोचा हक्क. नगद असेल तर मागताच, उधार असेल तर तलाकच्या वा मृत्यूच्या वेळी द्यायचा. घरात मय्यत असताना नात्यातल्या बायका तिच्याकडे आल्या आणि म्हणाल्या, मेहेर माफ कर, त्याला ओझं नको. हे इकडं सर्रास चालतं. ती गप्प बसली, हो म्हणाली नाही. पुढं दिरांनी घराच्या वाटण्या काढल्या तेव्हा मी कागद पुढं केला. मेहेर हे मयताचं कर्ज असतं, ते फिटल्यावर उरेल त्याच्याच वाटण्या होतात. तिला आधी एक्कावन्न हजार मिळाले, आणि वारसाहक्काचा हिस्सा त्यानंतर वेगळा.

म्हणून 'नुसता करार' असं नाक मुरडून बोलणाऱ्यांची मला गंमत वाटते. हा शिक्का घट्ट बसला तो 1886 साली अलाहाबाद हायकोर्टात न्यायमूर्ती महमूद यांच्या एका निकालानं. कुराणात मात्र याच नात्याला 'मीसाक-ए-गलीज', पक्का वचनबंध म्हटलंय. फिकहच्या, म्हणजे इस्लामी कायदेशास्त्राच्या, पुस्तकांत तर माणसाच्या परिस्थितीप्रमाणे निकाह कुणाला फर्ज म्हणजे बंधनकारक, कुणाला सुन्नत म्हणजे पुण्याचं, आणि बायकोवर अन्यायच करणार असेल त्याला हराम म्हणजे निषिद्ध. करार आणि कर्तव्य एकाच कागदावर आहेत.

ख्रिश्चनांचं थोडक्यात सांगतो, कारण क्लासमध्ये तेच सगळ्यात चुकीचं शिकवतात. कॅथलिकांच्या सात संस्कारांत लग्न आहे, आणि तिथं संस्कार देणारा पाद्री नसतो. वधू आणि वर एकमेकांना तो देतात, पाद्री चर्चच्या वतीनं संमती विचारतो आणि साक्षी असतो. म्हणजे तिथंही लग्न लागतं ते संमतीनं! म्हणून ती संमती मुळातच खोटी होती असं सिद्ध झालं तर चर्च म्हणतं की लग्न झालंच नव्हतं. पण आपल्या सोलापुरात अमेरिकन मराठी मिशननं उभी केलेली मंडळी प्रॉटेस्टंट. त्यांच्यात संस्कार दोनच, बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन. लग्न पवित्र, देवासमोरचं, पण त्या अर्थानं संस्कार नाही.

राहिलं कर्तव्य. सिगालोवाद सुत्तात बुद्धानं नवऱ्याची पाच कर्तव्यं सांगितलीत आणि बायकोचीही पाच. नवऱ्यानं तिला मान द्यावा, तिचा अवमान करू नये, व्यभिचार करू नये, घराचा अधिकार तिच्या हाती द्यावा, दागिने द्यावेत. यात लग्न कसं लावायचं याबद्दल अवाक्षर नाही, लागल्यावर कसं वागायचं तेवढंच आहे.

आणि गंमत म्हणजे साखर पेठेतल्या बाईच्या उपयोगी शेवटी हेच आलं. पोटगीचं कलम, पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेतलं 125 आणि आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतलं 144, तुमचा धर्म विचारत नाही. तू याची बायको आहेस का, स्वतःचं भागवू शकतेस का, आणि याची ऐपत असून हा टाळतोय का, एवढंच विचारतं. नवऱ्यानं दुसरी बाई घरात ठेवली असेल तर त्याच्याकडे नांदायला न जाणं हे योग्य कारण धरलं जातं. तिथं दुसरं लग्न सप्तपदीनं लागलं होतं की नाही हे सिद्ध करायची गरज नाही. जे चाळीस फोटो फौजदारीत कुचकामी होते, तेच इथं चालले.

पोटगीचा हुकूम झाला. ती दर महिन्याच्या दहा तारखेला कोर्टात येते, पैसे कधी भरलेले असतात, कधी पंधराला भरतो.