एचआयव्हीच्या गोळ्या चालू आहेत, घरी कुणाला माहीत नाही. मागच्या खेपेला गोळ्या संपल्या आणि तीन दिवस चुकले. पुन्हा असं होऊ नये म्हणून काय करू?

मी बरीच वर्षं एआरटीची औषधं देण्याच्या खिडकीवर बसते. तुमच्यासारखी अडचण जवळजवळ रोज समोर येते आणि बहुतेक वेळा हिशेब तारखेचा ठेवलेला असतो, गोळ्यांचा नाही.

समजा, रोज रात्री एक गोळी आहे. 1 जूनला 90 गोळ्या मिळाल्या, घरात 8 शिल्लक होत्या. म्हणजे 98. शेवटची गोळी 6 सप्टेंबरच्या रात्री. पुढची तारीख 30 ऑगस्ट मिळाली, तर हातात आठवडाभराची उसंत आहे. या आठ गोळ्या ‘जास्तीच्या’ समजू नका. पाऊस, ताप, न मिळालेली रजा, सगळं त्यांच्यावर निभावतं. 30 तारखेला दिवसा मोजल्यावर बरोबर 8 उरायला हव्यात. 12 उरल्या तर चार रात्री चुकल्या आहेत. असं झालं तर उरलेल्या गोळ्या लपवू नका, खिडकीवर दाखवा. आम्ही रागावण्यासाठी मोजत नाही. कुठल्या रात्री चुकल्या, हे कळलं की वेळ बदलता येते.

गावाला जायचं असेल तर आधी सांगा, बहुतेक ठिकाणी औषध लवकर किंवा जास्त दिवसांचं देता येतं. मात्र कमी पडताहेत म्हणून एक दिवसाआड घेऊन पुरवू नका. रक्तात औषध अपुरं राहिलं की विषाणू त्याच औषधाला सरावतो, मग तीच गोळी काम करेनाशी होते. त्यापेक्षा संपण्याआधीच केंद्राला फोन करा. चुकलेल्या गोळ्या भरून काढायला दोन एकदम घेऊ नका. झालेले तीन दिवसही डॉक्टरांना सांगा, व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, कधी तपासायचं ते तेच ठरवतील.

आता घरच्यांचं. एका ताईंनी ओळखू येऊ नये म्हणून बाटलीवरचं लेबल खरवडून काढलं आणि पुढे दोन बाटल्यांमध्ये गोंधळ झाला. लेबल राहू द्या. मोठी बाटली कुलपात, आतल्या ओलावा शोषणाऱ्या पुडीसकट, झाकण घट्ट लावून ठेवा आणि आठवड्याच्या सात गोळ्या छोट्या साध्या डबीत काढा. डबी वाजते म्हणून वर कापसाचा बोळा दाबून बसवा. फोनच्या गजरावर औषधाचं नाव नको, ‘चार्जर लाव’ पुरे.

केंद्रावर एक गोष्ट मात्र आवर्जून लिहून घ्यायला लावा: कुठल्या नंबरवर, किती वाजता फोन करायचा आणि दुसऱ्या कुणी उचलला तर काय म्हणायचं. आमच्याकडे एका दादांच्या कार्डावर लिहिलंय, ‘संध्याकाळी सहानंतर. मेसेज नको. दुसरं कुणी बोललं तर “राँग नंबर” म्हणून ठेवा.’ आम्ही तसंच करतो.