आधी दोन्ही थर्मामीटर एकमेकांशी जुळतात का ते बघा

प्रश्न: आमच्या लूम शेडमध्ये स्लिंग सायक्रोमीटर फिरवून हवेची सापेक्ष आर्द्रता, म्हणजे आरएच, काढला की डिजिटल मीटरपेक्षा पाच-सहा टक्के कमी येतो. वात नवीन आहे, पाणी डिस्टिल्ड आहे. विश्वास कुणावर ठेवायचा?

कमी येतोय, हे तुम्ही सांगितलंत ते फार कामाचं आहे. वात मळलेली, अर्धवट भिजलेली, कमी फिरवलं, वाचायला उशीर केला, यातली कुठलीही चूक झाली तर सायक्रोमीटरच्या दोन थर्मामीटरपैकी ओली वात गुंडाळलेला, म्हणजे ओला थर्मामीटर हवा तेवढा खाली उतरत नाही आणि आरएच जास्त दिसतो. त्यामुळे कमी आरएचसाठी वातीला दोष देऊ नका. थर्मामीटर तपासा.

मी इचलकरंजीच्या पट्ट्यात ह्युमिडिफिकेशन प्लँट सांभाळत आलोय. एका मिलमध्ये ओला थर्मामीटर फुटला. स्टोअरने दुसरा आणून लावला आणि कुणीही न तपासता तो वापरात आला. त्याच दिवसापासून शेडमध्ये कोरडा ३२, ओला २८. तक्त्यात बघितलं तर ७४ टक्के. आम्हाला ८० हवा. विव्हिंग मास्तरांनी सरळ प्लँटवर खापर फोडलं: नोझल तुंबलेत, पंप कमी पडतोय. नोझल उघडून दाखवले, स्वच्छ होते. तरी हुकूम आला, पाणी वाढवा. वाढवलं. ओला २९ वर आला, कागदावर ८० टक्के झाले, सगळे खूश. पण डक्टखाली थेंब पडायला लागले, फणीवर गंज दिसायला लागला, ताण्याची खळ हाताला चिकट लागायची. शेड खरोखर कोरडी असती तर मागाखाली खळीचा भुगा वाढला असता. तो उलट कमी झाला होता. शेड सांगत होती एक आणि रजिस्टर दुसरंच.

मी ओल्या थर्मामीटरची वात काढली, बल्ब पुसून पूर्ण कोरडा केला आणि सायक्रोमीटर तसाच मिनिटभर फिरवला. दोन्ही कोरडे असताना आकडा एकच यायला हवा. एकावर ३२ आला, दुसऱ्यावर ३१. मग बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी एकत्र करून दोन्ही बल्ब त्यात बुडवले. जुना शून्यावर थांबला, नवा शून्याच्या एक अंश खाली. नीट उजेडात धरल्यावर नळीच्या पार वरच्या टोकाला पाऱ्याचा बारीक कण अडकलेला दिसला, जेमतेम एका अंशाच्या लांबीचा. वाहतुकीत पारा तुटून वर गेला होता, म्हणून खालचा स्तंभ कायम तेवढा तोकडा. बर्फात मीठ घालून बल्ब गार केला, पारा खाली ओढला गेला. मग तापाच्या थर्मामीटरसारखे झटके दिल्यावर तो कण खाली येऊन मिळाला. पुन्हा बर्फात धरला, शून्य.

म्हणजे रजिस्टरवर ७४ लिहिलं होतं तेव्हा ओला खरा २९ होता आणि शेड ८० वरच होती. पाणी वाढवून ‘८०’ आणले तेव्हा ओला ३० वर गेला होता, खरा आरएच ८६ च्या आसपास. एका अंशाची ही किंमत.

मास्तरांचं म्हणणं शेवटपर्यंत एकच, एक अंश काय, थर्मामीटर उन्नीस-बीस असायचेच. मला हे अजिबात मान्य नाही. दोन्ही थर्मामीटर सारखेच एक अंश जास्त दाखवत असते तर आरएचमध्ये एका टक्क्याचाही फरक पडला नसता, कारण तक्ता मुख्यतः दोघांतल्या फरकावर चालतो. एकटाच चुकला की मात्र सगळं बिघडतं. म्हणून थर्मामीटर जोडीने घ्यावेत, जोडीने तपासावेत, आणि एक फुटला तर नव्या जोडीदाराची वरची परीक्षा घेतल्याशिवाय तो शेडमध्ये नेऊ नये. फरक ०.२ अंशाच्या आत असेल तर चालेल. जास्त असेल आणि सगळीकडे सारखाच असेल, तर चिठ्ठी लावून प्रत्येक वाचनात तेवढा मिळवा किंवा वजा करा. पण कोरडं फिरवून एकाच तापमानाला जुळणी कळते, म्हणून ढवळलेल्या पाण्याच्या बादलीत २५ आणि ३५ च्या आसपासही बघा.

एक अपवाद राहिला. वात माठातल्या गार पाण्यात भिजवून लगेच वाचलंत तर ओला खोटाच खाली दिसेल. पाणी शेडच्या तापमानाचं घ्या, फिरवा, ओला आधी वाचा, परत फिरवा, लागोपाठ दोनदा तोच आकडा आला की लिहा. तक्ताही फिरवायच्या सायक्रोमीटरचाच हवा, भिंतीवर टांगलेल्याचा नको.

तुमचा डिजिटल मीटर बरोबर आहे असं यातून सिद्ध होत नाही. तंतूंच्या धुळीत आणि खळीच्या भुग्यात त्याचा सेन्सर हळूहळू सरकतो. पण थर्मामीटर बर्फात आणि बादलीत जुळले आणि तरी पाच टक्के फरक राहिला, तर मी डिजिटललाच कॅलिब्रेशनला पाठवेन.