नमुना कशाचा द्यायचा आणि वेळ कुठून मोजायची

प्रिय,

एडिटिंगचं काम मिळावं म्हणून यूट्यूब चॅनेलला पाठवायच्या मेलचा तुझा मसुदा वाचला. भाषा नम्र आहे, चुका नाहीत, तरी तो तसाच पाठवू नकोस. त्यातली दोन वाक्यं तुला नडणार आहेत. एक, "सोबत माझ्या कामाचा नमुना जोडत आहे." दुसरं, "24 तासांत डिलिव्हरी."

आधी नमुन्याचं बघू. तू जोडलेला नमुना कुठल्यातरी लग्नाच्या हायलाइटचा आहे. सावजी रस्सा आणि तर्री पोह्यांचे व्हिडिओ करणाऱ्या ताईंना त्यातून काय कळणार? त्यांना बघायचं असतं ते त्यांचंच फुटेज तुझ्या हातात कसं दिसतं ते. मग मोह असा होतो की त्यांचा चॅनेलवरचा व्हिडिओ डाउनलोड करायचा, त्यातला मिनिटभर नव्याने कापायचा आणि पाठवून द्यायचा. हे करू नकोस. चॅनेलवरच्या फाइलमध्ये बोलणं आणि संगीत एकाच ट्रॅकवर मिसळलेलं असतं. वाक्यातला एक "म्हणजे" उडवलास की त्याच जागी खालचं गाणंही ठेच लागल्यासारखं उडी मारतं. टाकून दिलेले शॉट तुझ्याकडे नसतात आणि रंग आधीच केलेला असतो. थोडक्यात, तुझं सगळ्यात वाईट काम तू नमुना म्हणून पाठवशील. शिवाय व्हिडिओ त्यांच्या मालकीचा, विचारल्याशिवाय हात लावलेला कुणालाच रुचत नाही.

म्हणून पहिल्या मेलमध्ये नमुना जोडायचाच नाही, तो करून देण्याची तयारी दाखवायची. एका प्रसंगाचं 8-10 मिनिटांचं कच्चं फुटेज आणि कॉलर माइकची वेगळी फाइल मागायची, आणि त्याचं 60 सेकंदांचं एडिट फुकट द्यायचं. तेवढ्यात कट, आवाज आणि सबटायटल हे तिन्ही दिसतं. त्याहून मोठं मागितलंस तर त्यांना पाठवायचा कंटाळा येतो आणि तुझाही दिवस फुकट जातो.

प्रसंग कुठला मागायचा, हे त्यांचा व्हिडिओ पूर्ण बघून ठरव. बरेच व्ह्यूज असलेल्या व्हिडिओत प्लेअरच्या पट्टीवर पुन्हा पुन्हा पाहिलेल्या जागेचा उंचवटा दिसतो, तो बघ. पण "इथे तुमचे प्रेक्षक सोडून जातात" असं कधी लिहू नकोस. तो आलेख यूट्यूब स्टुडिओत असतो आणि तो फक्त त्यांनाच दिसतो. तू अंदाज ठोकलास हे त्यांना लगेच कळेल.

आता वेळ. "24 तास" वाचायला झकास, पण 24 तास कधीपासून? आणि 24 तासांनी हातात काय येणार, पहिला कट की अंतिम फाइल? भांडणं होतात ती इथेच. ताईंचे व्हिडिओ साधारण 12 मिनिटांचे आहेत. नागपूरच्या इतवारी बाजारात फिरून केलेल्या अशा व्हिडिओचं फुटेज 70 मिनिटांचं धर. सगळं एकदा बघून खुणा करायला दीड तास आणि माइकचा आवाज जुळवायला अर्धा. मोबाइलचा फ्रेम रेट शूटिंगमध्ये कमीजास्त होतो, त्यामुळे सुरुवातीला जुळलेले ओठ दहा मिनिटांनी मागे पडू शकतात. म्हणून क्लिपच्या शेवटीही तपासायचं. रफ कटला 4 तास, बोलण्यावर टाकायचे शॉट आणि टायटल अडीच, आवाज 1, रंग 1, मराठी सबटायटल 2. एक्स्पोर्ट करून पूर्ण बघायला आणखी 1. हे झाले साडेतेरा. दिवसात एकाग्रतेचे 5 तास मिळतात असं धरलं, तर 3 दिवस लागले. त्यावर 1 दिवस राखीव ठेव. मे महिन्यात दुपारी लाइट जाते आणि कूलर बंद पडल्यावर लॅपटॉपही रेंगाळतो, हे तुला सांगायला नको.

म्हणजे पहिला कट 4 दिवसांत. आणि दिवस मोजायचे ते सगळ्या फाइल तुझ्याकडे पूर्ण उतरल्यापासून. हे वाक्य का लिहायचं, ते बघ. आयफोनवर 4के, 30 फ्रेम, हाय एफिशिएन्सीत मिनिटाला साधारण 170 एमबी लागतात. 70 मिनिटांचे झाले जवळपास 12 जीबी. अपलोडचा वेग 20 एमबीपीएस असेल तर निव्वळ चढवायलाच 80 मिनिटं. गुगल ड्राइव्हची फुकटची जागा 15 जीबी, त्यातही जीमेल आणि फोटो वाटेकरी. निम्म्यावर अपलोड अडकतं, ताईंना वाटतं पाठवलं, आणि तुझे 24 तास तिकडे सुरू झालेले असतात.

त्यांचा व्हिडिओ रविवारी सकाळी येतो. मग उलटं मोजायचं: शनिवारी अंतिम फाइल, शुक्रवारी त्यांच्या दुरुस्त्या, गुरुवारी पहिला कट, म्हणजे फुटेज आदल्या रविवारी रात्रीपर्यंत. मेलमध्ये तासांऐवजी हे वार लिही. वार सगळ्यांच्या डोक्यात बसतात.

तुझा मेल मग साधारण असा होईल:

"विषय: तुमच्या सावजी व्हिडिओतला 1 मिनिट एडिट करून देऊ का?

नमस्कार ताई,
मी नागपुरातच व्हिडिओ एडिटर आहे. तुमच्या सावजी व्हिडिओत 2:40 ते 3:25 मध्ये काकू मसाला वाटताना बोलतात, तो भाग फार आवडला. फक्त त्यांचं बोलणं संगीताखाली थोडं दबतं. त्या प्रसंगाचं 8-10 मिनिटांचं मूळ फुटेज आणि माइकची फाइल पाठवलीत, तर 60 सेकंदांचं एडिट मराठी सबटायटलसह 2 दिवसांत पाठवेन. त्याचे पैसे नाहीत आणि ते मी कुठेही टाकणार नाही.
पूर्ण 12 मिनिटांच्या व्हिडिओसाठी: फुटेज रविवारी रात्रीपर्यंत मिळालं तर पहिला कट गुरुवारी रात्री 8 पर्यंत. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत दुरुस्त्या एकत्र लिहून दिल्यात तर अंतिम फाइल शनिवारी दुपारी. दुरुस्तीची एक फेरी यात धरली आहे."

बस. सॉफ्टवेअरची यादी नको, लॅपटॉपची रॅम तर नकोच.

फुटेज आलं आणि नमुना तयार झाला की पाठवताना दोन गोष्टी. सबटायटलमध्ये "तर्री" आणि "सक्करदऱ्यात" हे शब्द डोळ्यांनी तपास. एडिटिंग सॉफ्टवेअरची अक्षरांची सेटिंग भारतीय लिप्यांसाठी नसली तर जोडाक्षरं फुटतात, पहिली वेलांटी भलत्याच अक्षरावर बसते, आणि मराठी माणसाला तेवढंच दिसतं. दुसरं, जीमेलला 25 एमबीच्या वर जोडता येत नाही, म्हणून ड्राइव्हची लिंक द्यावी लागेल. तिथे `Anyone with the link` आणि `Viewer` निवड, नाहीतर ताईंना परवानगी मागण्याचं पान दिसेल आणि त्या तिथेच सोडून देतील. लिंक इन्कॉग्निटो खिडकीत उघडून बघ. अपलोड झाल्या झाल्या पाठवू नकोस. ड्राइव्हची प्रक्रिया चालू असताना व्हिडिओ धूसर दिसतो, आणि धूसरपणा तुझ्या नावावर जमा होतो. तासाभराने स्वतः उघड, स्वच्छ दिसला की मगच पाठव.

नवा मसुदा झाला की धाड.

तुझा,
काका